एका फाउंड्रीचा कॅश फ्लो मांडताना

ताळेबंद जुळला नाही तर कुठंतरी चूक आहे हे लगेच कळतं. कॅश फ्लो स्टेटमेंटचं, म्हणजे वर्षभरात रोख कुठून आली आणि कुठं गेली हे दाखवणाऱ्या पत्रकाचं, तसं नाही. त्याचे तीन भाग असतात: रोजच्या धंद्याचा ऑपरेटिंग, यंत्रं आणि ठेवींचा इन्व्हेस्टिंग, भांडवल आणि कर्जाचा फायनान्सिंग. कर्जावरचं व्याज ऑपरेटिंगमध्ये टाका, फायनान्सिंगमध्ये टाका, नाहीतर इन्व्हेस्टिंगमध्ये. बेरीज तीच येते आणि वर्षअखेरची रोख शिल्लक पैशापैशानं जुळते. त्यामुळं मुलं खाली दोन रेघा मारून वही मिटतात. मी वही उघडून बघते तर तिन्ही भागांचे आकडे चुकलेले आणि शेवट मात्र बरोबर.

मी दिवसा बेळगावात टिळकवाडीतल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि संध्याकाळी खानापुरात दुसऱ्या पीयुसीच्या, म्हणजे बारावीच्या, मुलांना अकाउंटन्सी शिकवते. या वर्षी हा धडा घेताना ठरवलं की पुस्तकातलं तयार उदाहरण बाजूला ठेवायचं. पुस्तकात याद्या असतात: शेअर काढले की फायनान्सिंग, मशीन घेतलं की इन्व्हेस्टिंग, मालाची विक्री ऑपरेटिंग. मुलांना त्या याद्या पाठ होतात. पण एकाच व्यवहाराचे दोन तुकडे होऊन दोन ठिकाणी जातात, किंवा एखादी मोठी रक्कम कुठंच जात नाही, तेव्हा पाठ केलेली यादी उपयोगी पडत नाही. म्हणून मी उद्यमबागेतल्या लहान फाउंड्र्या डोळ्यांसमोर ठेवून एका काल्पनिक खासगी कंपनीचा ताळेबंद बनवला. आमच्याकडं निम्म्या मुलांच्या घरातलं कुणी ना कुणी फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये कामाला आहे. भट्टी, कास्टिंग, उधारीवर गेलेला माल हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आकडे असे होते. सगळे लाख रुपयांत, 31 मार्च 2023 आणि 31 मार्च 2024 चे.

| बाब | 2023 | 2024 |
|---|---|---|
| भाग भांडवल | 20.0 | 25.0 |
| नफ्याची शिल्लक | 5.5 | 8.2 |
| बँकेचं मुदत कर्ज | 12.0 | 10.0 |
| माल देणाऱ्यांचं देणं | 4.2 | 5.0 |
| आयकराची तरतूद | 1.0 | 1.1 |
| एकूण | 42.7 | 49.3 |
| यंत्रसामग्री (घसारा वजा जाता) | 24.0 | 28.0 |
| बँकेतल्या वर्षाच्या मुदत ठेवी | 4.0 | 5.0 |
| साठा | 5.6 | 5.2 |
| गिऱ्हाइकांकडून येणं | 8.0 | 9.6 |
| रोख आणि बँकेतली चालू शिल्लक | 1.1 | 1.5 |
| एकूण | 42.7 | 49.3 |

जोडीला थोडी माहिती दिली. करापूर्वीचा नफा 5 लाख, त्यात कर्जावरचं 1 लाख 20 हजार व्याज खर्ची पडलेलं आणि ठेवीवरचं 30 हजार व्याज जमा झालेलं. घसारा 2 लाख 50 हजार. या वर्षीच्या करासाठी तरतूद 1 लाख 30 हजार. एक जुनी भट्टी पुस्तकी किंमत दीड लाख असताना 2 लाखांना विकली. नवीन यंत्रं 8 लाखांची घेतली, त्यातल्या 2 लाखांचं वाळू मिसळण्याचं यंत्र देणाऱ्याला पैशाऐवजी कंपनीचे शेअर दिले. आदल्या वर्षासाठी सुचवलेला 1 लाख लाभांश या वर्षीच्या वार्षिक सभेत मंजूर होऊन वाटला गेला.

पहिला नियम मी असा घातला की बेरीज-वजाबाकीला हात लावायचा नाही. आधी प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीनं ऑ, इ किंवा फा लिहायचं, आणि ज्यात रोख हललीच नाही तिथं फुली मारायची. अक्षर लिहिताना स्वतःला विचारायचं: हा पैसा माल बनवून विकण्याच्या रोजच्या कामात आला-गेला, की पुढं बरीच वर्षं उपयोगी पडणाऱ्या वस्तूत किंवा ठेवीत, की धंद्याला भांडवल पुरवणाऱ्यांशी झालेल्या देण्याघेण्यात? भांडवल पुरवणारे म्हणजे भागधारक आणि कर्ज देणारी बँक.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करावी लागते: रोख म्हणजे नेमकं काय? कणकुंबीकडून येणाऱ्या एका मुलानं विचारलं, "ताई, एफडी बँकेतच हाय की. मग ती कॅशमध्येच धरायची न्हवं?" प्रश्न अगदी योग्य होता. आपल्याकडचं लेखामानक, एएस-3, सांगतं की ज्याचे पटकन ठरलेल्या रकमेचे पैसे होतात आणि ज्याचं मूल्य फारसं खालीवर होत नाही तेच रोखसदृश धरायचं. अंदाज म्हणून त्यात घेतल्या तारखेपासून तीन महिने किंवा त्याहून कमी मुदत सांगितली आहे. आमच्या कंपनीच्या ठेवी वर्षभराच्या, म्हणून त्या रोख नव्हेत, गुंतवणूक आहेत. इथं 'घेतल्या तारखेपासून' हे शब्द मी फळ्यावर अधोरेखित केले. मे महिन्यात संपणारी वर्षाची ठेव 31 मार्चला पाहिली तर तिचे दोनच महिने उरलेले असतात, तरी ती रोखसदृश होत नाही. याउलट 60 दिवसांची ठेव असती तर ती रोखीतच मोजायची. मग चालू खात्यातून त्या ठेवीत पैसे वळवले तरी स्टेटमेंटमध्ये एकही ओळ येणार नाही, कारण तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा झाला.

असं केल्यावर आपल्या समोरचा प्रश्न स्वच्छ होतो. वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख 10 हजार होते, शेवटी दीड लाख. 40 हजारांची ही वाढ कुठल्या वाटेनं आली?

आता अक्षरं लिहायला सुरुवात केली. 5 लाखांच्या नफ्यासमोर सगळ्यांनी ऑ लिहिलं. मी म्हटलं, लिहा, पण या 5 लाखांच्या पोटात परक्या रकमा आहेत, त्या आधी बाहेर काढायला हव्यात. घसारा हा खर्च म्हणून वजा झालाय, पण घसाऱ्यापायी कुणाच्या हातावर एक रुपयाही ठेवलेला नाही. म्हणून त्याला फुली, आणि तो नफ्यात परत मिळवायचा. इथं दरवर्षी एक समज पक्का होऊन बसतो की घसाऱ्यानं पैसा येतो. घसाऱ्यानं पैसा येत नाही. नफा काढताना जे कमी केलं होतं ते पूर्ववत केलं, एवढंच. घसारा दुप्पट धरला असता तर नफा तेवढाच कमी झाला असता आणि दोन्ही मिळून बेरीज तीच राहिली असती. एका मुलीनं वहीत लगेच करून पाहिलं: नफा अडीच लाख, घसारा 5 लाख. बेरीज साडेसात लाखच.

व्याजावर मात्र बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. कर्जावरचं 1 लाख 20 हजार व्याज कंपनीनं खरोखर बँकेला दिलंय. घसाऱ्यासारखी तिथं फुली नाही. मग ते नफ्यात परत का मिळवायचं? कारण ते ऑपरेटिंगचं नाही. कास्टिंग बनवायला कोळसा, भंगार लोखंड, वीज, मजुरी लागते. व्याज हे कास्टिंगसाठी नव्हे, कर्ज घेऊन धंदा चालवतो म्हणून लागतं. तेच कारखानदार स्वतःच्या भांडवलावर चालवत असता तर भट्टीतून माल तेवढाच निघाला असता आणि व्याज शून्य झालं असतं. म्हणून व्याज ऑपरेटिंगमधून उचलून फायनान्सिंगमध्ये ठेवायचं: वर 1 लाख 20 हजार अधिक, खाली तेवढेच वजा. ठेवीवर मिळालेल्या 30 हजारांचं उलट. ते नफ्यात मिसळलेले आहेत, पण ते भट्टीनं मिळवलेले नाहीत, ठेवीनं मिळवलेत. वर 30 हजार वजा, खाली इन्व्हेस्टिंगमध्ये 30 हजार अधिक.

यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "पण ताई, मी मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय, त्यात व्याज ऑपरेटिंगलाच घेतंय की." तो खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलेला व्हिडिओ अमेरिकेतला होता, आणि अमेरिकेच्या नियमांप्रमाणे दिलेलं व्याज, मिळालेलं व्याज आणि मिळालेला लाभांश ऑपरेटिंगमध्येच धरतात. 1997 मध्ये सुधारून आलेलं आपलं एएस-3 मात्र बँक-वित्तसंस्था सोडून इतरांना स्पष्ट सांगतं की दिलेलं व्याज फायनान्सिंग आणि मिळालेलं व्याज-लाभांश इन्व्हेस्टिंग. तेव्हा व्हिडिओ बघायला माझी हरकत नाही. फक्त तो कुठल्या देशाच्या नियमांवर बेतलाय ते आधी बघा, एवढं मी आता प्रत्येक तुकडीला सांगते.

जुनी भट्टी हा माझ्या मते या धड्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न. पुस्तकी किंमत दीड लाख, मिळाले 2 लाख, नफा 50 हजार. बहुतेकांनी इन्व्हेस्टिंगमध्ये दीड लाख लिहिले आणि 50 हजार ऑपरेटिंगमध्ये राहू दिले. त्यांच्या दृष्टीनं नफा तो नफाच, मग तो नफ्याच्या घरात का असू नये? पण भट्टी विकणं हा या कंपनीचा धंदा नाही. पैसे देणाऱ्यानं दीड लाखांचा एक आणि 50 हजारांचा दुसरा असे दोन चेक दिलेले नाहीत. एकच 2 लाखांचा चेक आला, आणि तो भट्टीच्या बदल्यात आला. म्हणून पूर्ण 2 लाख इन्व्हेस्टिंगमध्ये. आणि नफ्यात मिसळून बसलेले 50 हजार ऑपरेटिंगमधून वजा, नाहीतर ते दोनदा मोजले जातील. भट्टी तोट्यात विकली असती तर उलट, तोटा वर मिळवायचा आणि खाली मिळालेली रक्कमच लिहायची. पुस्तकी किंमत कॅश फ्लोमध्ये कधीच दिसत नाही. ती फक्त नफा-तोटा काढण्यापुरती लागते.

इथपर्यंतचा हिशेब असा झाला: 5 लाख, अधिक घसारा 2 लाख 50 हजार, वजा भट्टीवरचा नफा 50 हजार, अधिक दिलेलं व्याज 1 लाख 20 हजार, वजा मिळालेलं व्याज 30 हजार. राहिले 7 लाख 90 हजार. भट्टी पेटवून, माल ओतून, विकून जे मिळवलं ते हे. पण अजून ते सगळं हातात आलेलं नाही.

गिऱ्हाइकांकडची उधारी 1 लाख 60 हजारांनी वाढली आहे. विक्री झाली म्हणून नफ्यात मोजली, पैसे मात्र अजून पुण्या-कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांकडं अडकलेत. तेवढे वजा. साठा 40 हजारांनी कमी झाला, म्हणजे आधीच पैसे मोजून ठेवलेला माल या वर्षी कामी आला. तेवढे अधिक. माल देणाऱ्यांचं देणं 80 हजारांनी वाढलं, म्हणजे तेवढं लोखंड-कोळसा घेतलं पण पैसे अजून दिलेले नाहीत. तेही अधिक. हा भाग मुलांना लवकर जमतो, म्हणून मी त्यात फार रेंगाळले नाही. फक्त एक खाचखळगा दाखवला. माल देणाऱ्यांच्या यादीत नवीन भट्टीवाल्याचं थकलेलं बिल मिसळलं असेल तर तेवढी वाढ ऑपरेटिंगची नव्हे. ते देणं यंत्राचं आहे, त्यामुळं यंत्रासाठी या वर्षी गेलेली रोख तेवढी कमी धरायची. ऑफिसात खरी खाती बघताना हे वारंवार दिसतं, कारण टॅलीत सगळे पुरवठादार एकाच गटात टाकलेले असतात आणि नुसता ताळेबंद वाचून ते ओळखू येत नाही. खतावणी उघडून कुणाचं बिल कशाचं आहे हे बघावंच लागतं.

7 लाख 90 हजारांतून 1 लाख 60 हजार गेले, 40 हजार आणि 80 हजार आले. झाले साडेसात लाख. आता आयकर. या वर्षाची तरतूद 1 लाख 30 हजार, पण तरतूद म्हणजे भरलेला कर नव्हे. सुरुवातीला 1 लाख देणं होतं, त्यात 1 लाख 30 हजारांची भर पडली, शेवटी 1 लाख 10 हजार देणं उरलं. म्हणजे प्रत्यक्ष भरले 1 लाख 20 हजार. कर ऑपरेटिंगमध्येच जातो, तो खास करून एखाद्या गुंतवणुकीशी किंवा भांडवलाशी जोडता आला तरच तिकडं. ऑपरेटिंगमधून आलेली निव्वळ रोख 6 लाख 30 हजार.

इन्व्हेस्टिंगसाठी यंत्रांचं खातं उघडलं. सुरुवातीला 24 लाख, त्यातून विकलेली भट्टी दीड लाख आणि घसारा अडीच लाख गेले तर 20 उरायला हवेत. आहेत 28. म्हणजे 8 लाखांची यंत्रं आली, माहितीशी ताळा लागतो. आता 8 लाख वजा लिहायचे का? नाही. वाळूच्या यंत्राचे 2 लाख रोखीनं गेलेले नाहीत. शेअर देऊन यंत्र घेतलं. व्यवहाराच्या एका बाजूला भांडवल आहे, दुसऱ्या बाजूला यंत्र, आणि मध्ये पैसा नाही. त्याला दोन्हीकडं फुली. अशा व्यवहाराची माहिती आर्थिक पत्रकांत दुसरीकडं टीप म्हणून द्यायची असते, कारण तो महत्त्वाचा आहेच, फक्त तो रोखीचा नाही. म्हणून यंत्रांपोटी 6 लाख वजा, जुन्या भट्टीचे 2 लाख अधिक, ठेवीवरचं व्याज 30 हजार अधिक, आणि ठेवी 4 लाखांवरून 5 लाखांवर गेल्या म्हणून 1 लाख वजा. एकूण 4 लाख 70 हजार बाहेर गेले.

फायनान्सिंगमध्ये भांडवल 5 लाखांनी वाढलं असलं तरी रोख आली 3 लाखच. बँकेचं मुद्दल 2 लाख फेडलं, व्याज 1 लाख 20 हजार. एका मुलानं विचारलं की बँकेत हप्ता एकच जातो, मग दोन ओळी कशाला? दोन्ही फायनान्सिंगचेच आहेत हे खरं, पण व्याज वेगळं दाखवायलाच हवं असं मानक सांगतं. त्याचा अर्थही वेगळा आहे. मुद्दल फेडलं की कर्ज कमी होतं, ताळेबंदात 12 चे 10 झालेले दिसतात. व्याज दिल्यानं कर्ज कमी होत नाही. राहिला लाभांश. आदल्या वर्षी सुचवलेला 1 लाख या वर्षी दिला, म्हणून या वर्षी वजा. या वर्षासाठी जो सुचवला जाईल तो अजून कुणी मंजूर केलेला नाही आणि दिलेलाही नाही, त्याचा या पत्रकाशी संबंध नाही. तीन आले, दोन, एक-वीस आणि एक गेले: फायनान्सिंगमधून 1 लाख 20 हजार बाहेर.

6 लाख 30 हजार, वजा 4 लाख 70 हजार, वजा 1 लाख 20 हजार. राहिले 40 हजार. 1 लाख 10 हजारांत मिळवले की दीड लाख. शिल्लक जुळली.

मुलांनी वह्या मिटायला घेतल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं. फळ्यावर बाजूला त्याच कंपनीचं दुसरं स्टेटमेंट मांडलं, मुद्दाम चुकवून. कर्जावरचं व्याज ऑपरेटिंगमध्येच राहू दिलं. भट्टीवरचा नफाही ऑपरेटिंगमध्ये राहू दिला आणि इन्व्हेस्टिंगमध्ये दीडच लाख लिहिले. यंत्रांपोटी पूर्ण 8 लाख वजा आणि शेअर्सचे पूर्ण 5 लाख अधिक. ऑपरेटिंग झालं 5 लाख 60 हजार, इन्व्हेस्टिंग 7 लाख 20 हजार बाहेर, फायनान्सिंग 2 लाख आत. 5 लाख 60 हजार वजा 7 लाख 20 हजार अधिक 2 लाख. उत्तर 40 हजारच.

वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग मी विचारलं, ही दोन पत्रकं बँकेच्या मॅनेजरसमोर ठेवली तर त्याला काय दिसेल? पहिल्यात दिसतं की धंद्यानं स्वतःच्या कमाईतून यंत्रं घेतली, बँकेचे पैसे फेडले, व्याज दिलं, आणि भागधारकांकडून फक्त 3 लाख मागितले. दुसऱ्यात दिसतं की कमाई कमी, खरेदी अवाच्या सवा, आणि बाहेरून पैसे आणून भर घातली. कंपनी तीच, वर्ष तेच, शिल्लक तीच. 2013 च्या कंपनी कायद्यानं छोट्या कंपन्यांना हे पत्रक काढण्यापासून सूट दिली आहे, आणि आमची फाउंड्री त्या सवलतीत बसेल. तरी वाढीव कर्ज मागायला गेलं की पैसा कुठून आला आणि कुठं गेला हे विचारलं जातंच. ज्याला उत्तर द्यायचंय त्याच्या हातात पहिलं पत्रक असायला हवं.

मग न जुळणाऱ्या फरकातून चूक शोधायची कशी? याचीही एक रीत आहे आणि ती मी ऑफिसातल्या जुन्या लोकांकडून शिकले. फरक आला की आधी त्याच रकमेची एखादी बाब यादीत आहे का ते बघायचं. असेल तर ती राहून गेलीय किंवा दोनदा आलीय. इन्व्हेस्टिंगमध्ये 2 लाख लिहून भट्टीवरचा नफा वर वजा करायचा विसरला तर फरक बरोबर 50 हजारांचा येतो. शेअर्सचे 5 लाख लिहिले पण यंत्रांचे 6 च लिहिले तर फरक 2 लाखांचा. तशी बाब सापडली नाही तर फरकाचे निम्मे करायचे. 3 लाख 20 हजारांचा फरक असेल तर निम्मे 1 लाख 60 हजार, म्हणजे उधारीतली वाढ वजा करण्याऐवजी मिळवली गेलीय. ही रीत चुकलेलं चिन्ह आणि राहिलेली ओळ पकडते. पण रक्कम चुकीच्या भागात गेली असेल तर ती गप्प बसते, कारण तिथं फरकच पडत नाही. त्यासाठी पेन्सिलीनं लिहिलेली ती अक्षरं पुन्हा वाचणं एवढाच उपाय आहे, आणि प्रत्येक अक्षराशी थांबून समोरच्यानं हा पैसा कशाच्या बदल्यात दिला किंवा घेतला हे सांगता आलं पाहिजे.

शेवटच्या तासाला मी आकडे तेच ठेवले आणि धंदा बदलला. समजा हा बेळगावच्या आसपास जमिनी घेऊन प्लॉट पाडून विकणारा असता, आणि 8 लाख यंत्रांऐवजी जमिनीला गेले असते? जमीन म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडून इन्व्हेस्टिंग निघालं. पण त्याच्यासाठी ती जमीन विकायचा माल आहे, फाउंड्रीतल्या लोखंडासारखी. तिचे पैसे ऑपरेटिंगमध्ये. त्याच माणसानं स्वतःचं ऑफिस बांधायला गुंठाभर घेतली तर ती इन्व्हेस्टिंग. जमीन एकाच सर्व्हे नंबरातली असली तरी.

मग पतसंस्था घेतली, कारण आमच्याकडं गल्लीगल्लीत ती आहे आणि मुलांच्या आया तिथं पिग्मी भरतात. पतसंस्थेचा धंदाच पैसे घेणं आणि देणं. तिला कर्जदारांकडून मिळणारं व्याज ऑपरेटिंग, ठेवीदारांना दिलं जाणारं व्याजही ऑपरेटिंग, आणि सभासदांना दिलेली कर्जं, त्यांची वसुली, गोळा झालेल्या ठेवी याही तिच्या रोजच्या कामात मोडतात. फाउंड्रीच्या पत्रकात इन्व्हेस्टिंग आणि फायनान्सिंगमध्ये गेलेल्या ओळी इथं एकामागून एक वर सरकल्या. मुलांनी पेन्सिलीची जुनी अक्षरं खोडून नवी लिहिली. मागच्या बाकावरच्या त्याच मुलानं विचारलं, "म्हणजे पतसंस्थेत फायनान्सिंगला काहीच राहत नाही काय?" राहतं. सभासदांनी घेतलेले भाग आणि त्यांना त्यावर दिलेला लाभांश तिथंही फायनान्सिंगमध्येच राहतो, कारण तो मालकांशी झालेला व्यवहार आहे.